खांदा ओढू नका, पडल्यापडल्या पाजू नका

पत्र

माझे वडील 67 वर्षांचे आहेत. तीन आठवड्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली. दहा दिवस दवाखान्यात होते, आता घरी आहेत. नाकात नळी आहे. बोलतात, थोडं जड. सारखं पाणी मागतात. परवा आईने पडल्यापडल्याच दोन चमचे पाणी पाजलं. ठसका लागला नाही, म्हणून आता ती चहा द्यायचा का विचारते. उठवून बसवताना डावा खांदा दुखतो म्हणून ओरडतात. गावातला एक माणूस रोज तेल लावून हात ओढून ‘मोकळा’ करतो. हातात बॉल दिला आहे. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीन दिवस तासभर येतात, बाकी वेळ वडील उताणे पडून असतात. त्यांना कसं झोपवायचं, तोंडाने खायला कधी सुरू करायचं, आणि ते चालतील का?
– एक मुलगी, सातारा जिल्हा

उत्तर

ताई, चहा नको. पाण्याचे चमचेही आजपासून बंद करा. ठसका लागला नाही, याचा अर्थ पाणी बरोबर जागी गेलं असा होत नाही. आपल्या घशात अन्ननलिका आणि श्वासनलिका शेजारी शेजारी आहेत. गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासनलिकेचं तोंड बंद होतं आणि घास मागच्या वाटेने खाली जातो. झटक्यानंतर ही हालचाल उशिरा होते किंवा अर्धवट होते. त्यातच घशाची संवेदना बोथट झाली असेल, तर पाणी श्वासनलिकेत उतरलं तरी खोकला येतच नाही. असे पेशंट शांतपणे पाणी पितात, घरचे खूश होतात, आणि चार दिवसांनी ताप येऊन छातीत कफ भरतो. पाणी सगळ्यात साधं म्हणून आपण आधी तेच देतो, पण गिळायला अवघड असलेल्यांसाठी ते सगळ्यात अवघड असतं, कारण ते वेगाने पसरतं आणि घशाला तयार व्हायला वेळच देत नाही.

म्हणून आईंना रागावू नका, पण खोकल्याशिवाय दिसणाऱ्या खुणा त्यांना शिकवा. घोट घेतल्यावर आवाज ओला, घरघरता होणं, श्वास भरभर होणं, डोळ्यांत पाणी येणं, डाव्या गालात काहीतरी साचून राहणं आणि तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून लाळ गळणं. घोटानंतर त्यांना ‘आ’ म्हणायला लावलं आणि आवाज गुळण्या केल्यासारखा आला, तर ते ठसक्याइतकंच गंभीर समजायचं. दोन चमचे गेले आहेतच, तर पुढचे तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा आणि शांत असताना मिनिटाला श्वास किती होतात ते मोजून वहीत लिहा.

तहान मात्र खरी आहे. पाण्याचं रोजचं प्रमाण डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तेवढं नळीतून पूर्ण जातं का ते पाहा. कोरडं पडतं ते तोंड, आणि त्याचा उपाय तोंड स्वच्छ ठेवण्यात आहे. दिवसातून तीनदा, त्यांना बसवून किंवा एका कुशीवर वळवून, मऊ ब्रशने दात, हिरड्या, जीभ आणि डावा गाल आतून साफ करा. पेस्ट वाटाण्याएवढीही नको, फेस गिळला जातो. ब्रश जेमतेम ओला, आणि साचलेलं पाणी-लाळ पिळलेल्या गॉजने टिपून घ्यायची. कवळी असेल तर काढून धुवायची, रात्री बाहेर ठेवायची. हे सौंदर्याचं काम समजू नका. नाकात नळी असली तरी लाळ घशातून खाली उतरतच असते. ती श्वासनलिकेत गेली तर तोंडातले जंतू सोबत नेते, आणि न्यूमोनिया होतो तो त्या जंतूंनी. नळी लावली म्हणजे फुप्फुस सुरक्षित झालं, हा समज मला जवळजवळ प्रत्येक घरात भेटतो.

आता खांदा. हात ओढणाऱ्याला उद्यापासून नम्रपणे थांबवा.

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ वाटीत टेकवलेला मोठा गोळा. त्याला जागेवर धरून ठेवतात ते भोवतालचे स्नायू. डाव्या बाजूचे स्नायू सध्या सैल आहेत, त्यामुळे हाताचं वजनच त्या गोळ्याला खाली ओढतं. त्यांना बसवून, हात सैल सोडून, खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली बोट लावून पाहा. उजव्या बाजूला जागा नसेल आणि डावीकडे बोटभर खाच लागत असेल, तर गोळा खाली उतरला आहे. अशा सांध्यावर कुणी मनगट धरून वर खेचलं की आतले स्नायू आणि अस्तर चिमटतं, सूज येते, मग ते हात हलवू देत नाहीत, आणि सांधा आखडतो. तुम्ही लिहिलंय त्यात दोन ओढ आहेत, एक तेलवाल्याची आणि दुसरी उठवून बसवताना बगलेत हात घालून किंवा हात धरून घरचेच जी लावतात ती. दुसरी दिवसातून जास्त वेळा होते, त्यामुळे माझा संशय तिच्यावर अधिक आहे.

तेल हलक्या हाताने चोळायला हरकत नाही, त्यांना बरं वाटतं. ओढायचं नाही आणि हात डोक्यावर न्यायचा नाही. डाव्या पायाची पोटरी उजवीपेक्षा सुजलेली, गरम किंवा दुखरी असेल तर तिथे तेलाचं बोटही लावायचं नाही, कारण शिरेत गुठळी असू शकते आणि चोळून ती सुटू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. दुखरा खांदा हलवायचा तो फिजिओथेरपिस्टने, आणि त्यांच्याकडून तुम्ही शिकून. एक तळवा मागे खांद्याच्या फऱ्यावर ठेवून तो पुढे सरकवायचा, दुसऱ्या हाताने दंडाला कोपराजवळ आधार द्यायचा, अंगठा छताकडे येईल असा हात बाहेर वळवायचा आणि मगच पुढे उचलायचा, तोही खांद्याच्या उंचीपर्यंतच. दुखलं की तिथेच थांबायचं. गळ्यात अडकवायची झोळी दिली असेल तर ती उभं राहताना आणि चालवताना वापरा. दिवसभर घातली तर हात पोटाशी दुमडलेला तसाच आखडतो.

बॉलबद्दल माझं मत स्पष्ट आहे, काढून घ्या. अर्धांगानंतर बोटं मिटायची ताकद सहसा आधी येते आणि बऱ्याचदा नको तेवढी येते. अडतं ते बोटं उघडण्याशी. दिवसभर बॉल दाबून आपण मिटण्याचाच सराव करून घेतो. त्याऐवजी टेबलावर टॉवेल पसरून डावा तळवा बोटं उघडून सपाट ठेवा, उजव्या हाताने डावं मनगट धरून टॉवेलसकट पुढे सरकवायला सांगा, आणि परत आणताना डाव्या हातानेच प्रयत्न करायला सांगा. हालचाल दिसली नाही तरी प्रयत्न मोजायचा.

झोपण्याकडे येऊ. फिजिओथेरपिस्ट आठवड्याला तीन तास देतात. बाकी सगळा वेळ वडिलांचं शरीर उशांच्या ताब्यात असतं, आणि उजवी कूस, डावी कूस, उताणं या तिन्ही स्थितींमध्ये उताणी स्थिती सगळ्यात कमी कामाची. उताणं असताना पाय बाहेर फिरतो, टाच आणि माकडहाड दाबलं जातं, लाळ सरळ घशात जाते, आणि पुढे जो ताठरपणा येतो त्यालाही ती खतपाणी घालते. घरी चार उशा, एक लोड, दोन जुन्या गोधड्या आणि दोन टॉवेल असले की काम भागतं. डोक्याकडची बाजू वर उचलता येणारा फाउलर बेड असला तर सोयीचा, नसला तर अडत नाही. एअर बेड घेतला असेल तरी कूस बदलावीच लागते.

आधी उजव्या कुशीपासून सुरू करा, कारण डावा खांदा दुखतोय. डोक्याखाली एक उशी, मान धडाच्या रेषेत. छातीपुढे दोन उशा रचा आणि डावा हात त्यावर पुढे पसरून ठेवा, कोपर जवळजवळ सरळ, मनगटालाही उशीचा आधार. मनगट उशीच्या कडेवरून लोंबकळलं तर दोन तासांत पंजा सुजलेला दिसेल. डावा पाय गुडघ्यात थोडा वाकवून उजव्या पायापुढे एका उशीवर, पाऊलही उशीवरच. पाठीमागे गोधडीची गुंडाळी, म्हणजे ते मागे कलंडणार नाहीत.

डाव्या कुशीवर झोपवायला घरचे घाबरतात, आजारी बाजू दबेल म्हणून. पण दुखऱ्या खांद्याची काळजी घेऊन केलं, तर ही स्थिती मला आवडते. वजन पडतं, तेव्हा त्या बाजूची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचते, आणि उजवा हात मोकळा राहतो. खरी युक्ती खांद्यात आहे. वळवल्यावर फऱ्यामागून हात घालून डावा खांदा हळूच पुढे घ्या, म्हणजे ते खांद्याच्या टोकावर न पडता पाठीच्या फऱ्यावर टेकतील. हात पुढे, तळवा वर. डावा पाय मागे, गुडघ्यात किंचित वाकलेला. उजवा पाय पुढे उशीवर. सुरुवातीला 15-20 मिनिटं पुरे. चेहरा वेदनेने आक्रसला तर पाठीला उशी लावून अर्धवटच वळवा, पूर्ण वजन टाकू नका. हळूहळू वेळ वाढवत जा.

उताणं ठेवावंच लागलं तर डाव्या फऱ्याखाली घडी केलेला टॉवेल, हात शरीरापासून थोडा दूर उशीवर, आणि डाव्या नितंबाच्या बाहेरून मांडीपर्यंत गुंडाळलेला टॉवेल, म्हणजे पाय बाहेर फिरत नाही. पोटरीखाली आडवी नको, लांबीने उशी ठेवा आणि टाच हवेत राहू द्या. गुडघ्याखाली कायमची उशी ठेवू नका, गुडघा तसाच वाकलेला राहतो. पावलाला फळी टेकवण्याचा जुना सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तळव्यावर टणक दाब आला की काही पेशंट पावलाने उलट जोर लावतात आणि टाच आणखी ताठते.

दर दोन तासांनी कूस बदलायची. रात्री जागरण होतं हे मला माहीत आहे, म्हणून आई, तुम्ही आणि भाऊ वाटून घ्या. प्रत्येक वेळी माकडहाड, टाचा, घोटे आणि कंबरेचं हाड पाहा. लाल ठिपका दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर कातडी अजून ठीक आहे. दाबूनही लालच राहिला तर जखमेची सुरुवात झाली. त्या जागेवर पुन्हा वजन येऊ द्यायचं नाही आणि तिथे चोळायचंही नाही. गडद वर्णावर लाली नीट दिसत नाही, तेव्हा ती जागा शेजारच्या कातडीपेक्षा गरम, टणक किंवा सुजलेली लागते का ते हाताने पाहा.

आणखी एक स्थिती घरोघर दिसते. पाठीला दोन लोड लावून अर्धवट बसवलेले वडील अर्ध्या तासात पायाकडे घसरलेले असतात आणि हनुवटी छातीवर. ही स्थिती गिळायला वाईट, श्वासाला वाईट आणि माकडहाडाची कातडी फरफटते ती वेगळीच. खाटेवर बसवायचंच असेल तर आधी कंबर पाठच्या आधाराला भिडवा, गुडघ्याखाली तेवढ्यापुरती उशी द्या, मग पाठ उचला. त्याहून चांगलं म्हणजे त्यांना खुर्चीत बसवा. टेकून लवंडायची आरामखुर्ची नको. हाताची, सरळ पाठीची साधी खुर्ची, पण हलकी प्लॅस्टिकची असेल तर मागे भिंत हवी. कंबर मागे टेकलेली, दोन्ही तळवे जमिनीवर, पोचत नसतील तर पाट. डावा हात पुढे टेबलावर किंवा मांडीवरच्या उशीवर, खाली लोंबता नाही.

डावी बाजू गेली म्हणजे मेंदूची उजवी बाजू दुखावली आहे. अशा काही पेशंटना डावीकडचं जगच नसल्यासारखं होतं. ताटातला डावीकडचा भात तसाच राहतो, डावीकडून हाक मारली तर ते उजवीकडे बघतात, आणि ‘मला काही झालेलं नाही’ म्हणत एकटेच उठायला जातात. वडिलांच्या बाबतीत असं काही आहे का, ते पाहा. असेल तर बोलायला, हात धरायला डावीकडून बसा, पण सुरुवात समोरून करा आणि हळूहळू डावीकडे सरका. घंटी किंवा मोबाईल मात्र उजव्या हाताशीच ठेवा, गरजेच्या वेळी शोधता आला पाहिजे. आणि अशा पेशंटला खुर्चीत एकटं सोडून कुणी स्वयंपाकघरात जायचं नाही.

उठवताना आता हात धरायचा नाही. गुडघे वाकवून पाय उभे करा, त्यांना उजव्या हाताने डावं मनगट धरायला सांगा, तुमचा एक हात फऱ्यामागे, एक कंबरेमागे, आणि कुशीवर वळवा. मग दोन्ही पाय खाटेखाली सोडा आणि खांद्याला व कंबरेला आधार देत वर बसवा. पायांचं वजन खाली जाताना धड आपोआप वर येतं, तुमच्या कंबरेवरही ताण कमी येतो. बसल्यावर चक्कर येते का विचारा, दोन मिनिटं थांबा. खुर्ची सुरुवातीला उजव्या, म्हणजे चांगल्या बाजूला ठेवा. त्यांच्या कमरेला रुंद पट्टा किंवा घट्ट बांधलेलं उपरणं असू द्या. धरायचं ते तिथे.

नळीतून आहार देताना तर बसणं अनिवार्यच. आधी नाकपुडीशी नळीवरची खूण जागेवर आहे का पाहा. नळी बाहेर सरकलेली दिसली तर ढकलायची नाही आणि काही द्यायचंही नाही, दवाखान्यात जागा तपासून घ्यायची. सिरिंजचा दट्ट्या काढून आहार वरून आपोआप उतरू द्या, दाबून ढकलू नका. एका वेळी साधारण 200 ते 250 मिली, 15-20 मिनिटांत. मग नळी धुण्यापुरतं पाणी. त्यानंतर किमान अर्धा ते पाऊण तास ते बसलेलेच राहायला हवेत. म्हणूनच व्यायाम, तोंड साफ करणं आणि कूस बदलणं हे सगळं आहाराच्या आधी उरकायचं, नंतर नाही.

तुमच्या घरात दिवस साधारण असा बसेल. सकाळी साडेसहाला तोंड साफ करून, पाठ आणि टाचा पाहून सातला खुर्चीत आहार, आठपर्यंत बसून. मग उजव्या कुशीवर. दहाला व्यायाम, त्यासाठी फिजिओथेरपिस्टना आहाराआधीची वेळ मागून घ्या. पावणेअकराला खुर्चीत आहार, त्यानंतर थोडं बसणं, बाराच्या सुमारास वीस मिनिटं डावी कूस, पुढे उजवी. दुपारी दोनला घरच्यांनी घेतलेला छोटा व्यायाम, मग पुन्हा आहार. संध्याकाळी असंच. रात्री शेवटचा आहार नऊच्या आत, म्हणजे दहापर्यंत बसून आडवं होता येईल. वेळा पुढेमागे होतील, पण आधी हालचाल, मग आहार, मग बसणं हा क्रम हलू देऊ नका.

तोंडाने कधी? तारखेवर नाही, तपासणीवर ठरतं. ही तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात. बोलण्याचे आणि गिळण्याचे स्नायू त्यांच्याच अभ्यासाचा भाग आहेत, त्यामुळे नावावर जाऊ नका. ते जागेपण, जिभेची हालचाल, आवाज, खोकल्याची ताकद पाहतात, मग थोड्या थोड्या प्रमाणात गिळवून बघतात. शंका राहिली तर नाकातून बारीक कॅमेरा घालून किंवा एक्स-रेवर चलत चित्र घेऊन गिळणं प्रत्यक्ष पाहतात. न दिसणारा ठसका पकडायला हाच खात्रीचा मार्ग. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था या दोन सरकारी जागा आहेत. पुष्कळांचं गिळणं पहिल्या काही आठवड्यांत सुधारतं, त्यामुळे दवाखान्यात ‘नाही’ म्हटलं असलं तरी आता पुन्हा तपासणं योग्य आहे. आणि चार आठवडे होत आले तरी तोंडाने पुरेसं जात नसेल, तर पोटातून थेट नळी बसवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. तिने नाक-घसा मोकळा राहतो आणि सराव सोपा होतो. ती कायमची असते असं नाही.

परवानगी मिळाली की सुरुवात बहुधा दाट, एकजीव पदार्थांनी होईल. पातळ पदार्थ किती दाट आणि घन पदार्थ किती मऊ करायचे, याची जगभर 0 ते 7 अशी एक श्रेणी वापरतात, पाणी म्हणजे 0. थेरपिस्ट तुम्हाला त्यातला आकडा सांगतील. घरी तो तपासायला 10 मिलीची बिनसुईची सिरिंज लागते, जिच्यावर 0 ते 10 च्या खुणांमधलं अंतर 6.15 सेंटिमीटर आहे. दट्ट्या काढून सिरिंजचं खालचं टोक बोटाने बंद करा, 10 मिलीपर्यंत भरा, बोट सोडून दहा सेकंद थांबा. 4 ते 8 मिली उरलं तर दाटपणा 2, त्याहून जास्त उरलं पण हळूहळू गळत असेल तर 3. मुळीच गळत नसेल आणि चमचा तिरका केल्यावर गोळा अखंड घसरून पडत असेल, चमच्याला चिकटून राहत नसेल, तर 4. आईंना हा खेळ आवडेल. नाचणी किंवा तांदळाच्या पिठाने दाट केलेलं मात्र थंड झालं की आणखी घट्ट होतं आणि तोंडातल्या लाळेने पातळ होतं, म्हणून तपासणी भरवायच्या वेळेलाच करा. गरजेपेक्षा दाट केलं की घास घशात चिकटून राहतो, तेही धोक्याचंच.

चालतील असे पदार्थ आपल्या घरात आहेतच. घोटून गाळलेलं दाट वरण, मऊ भाताची गुठळ्यारहित पेज, घोटलेलं दही, दुधी किंवा भोपळ्याची घोटलेली भाजी. टाळायचे ते दोन थरांचे पदार्थ, म्हणजे पातळ आणि घन एकत्र. आमटीत भाताची शितं, दुधात बिस्कीट, सालासकट उसळ. तोंडातलं पातळ आधी निसटतं आणि घन मागे राहतं, तिथेच गडबड होते. साबुदाण्याची खिचडी आणि कोरडे पोहेही नकोत. भरवताना खुर्चीत सरळ, पूर्ण जागे, टीव्ही बंद. छोटा चमचा अर्धाच भरा, उजव्या गालाकडून द्या. कंठमणी वर जाऊन खाली आला की गिळलं समजायचं. मग ‘आ’ म्हणवून आवाज ऐका, तोंडात टॉर्चने डावा गाल बघा, मगच दुसरा चमचा. हनुवटी खाली करायची किंवा मान डावीकडे वळवायची हे थेरपिस्टने त्यांच्यासाठी ठरवून दिलं तरच. सगळ्यांना ते लागू पडत नाही. स्ट्रॉ नको, सिरिंजने तोंडात सोडणं तर मुळीच नको. दमले की थांबा. उरलेलं नळीतून जाईल. गोळ्या कुटून देण्याआधी फार्मासिस्टना एकेक दाखवा. पोटात न विरघळणारं आवरण असलेली किंवा दिवसभर हळूहळू सुटणारी गोळी कुटायची नसते, तिच्या जागी दुसरी मिळते. रक्तदाबाची आणि रक्त पातळ ठेवणारी औषधं कुठल्याही ‘लकव्याच्या औषधा’साठी बंद करायची नाहीत.

चालण्याचा रस्ता बसण्यातून जातो. पहिला टप्पा, खाटेच्या कडेला आधाराशिवाय बसून डाव्या नितंबावर वजन घेता येणं. दुसरा, उताणं गुडघे वाकवून कंबर उचलणं, डावं पाऊल तुम्ही धरून. तिसरा, बसून उठणं. त्यासाठी खाटेच्या पायांखाली भक्कम ठोकळे देऊन ती उंच करा, उंचीवरून उठायला ताकद कमी लागते. कडेपर्यंत पुढे सरकवा, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, डावं पाऊल पूर्ण टेकलेलं, मग नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल इतकं वाकून उठायचं. तुम्ही डावीकडून, एक हात पट्ट्याला, तुमचा गुडघा त्यांच्या डाव्या गुडघ्यापुढे. एका वेळी चार-पाचदा, दिवसात तीन-चार वेळा, मग वाढवत जायचं. फिजिओथेरपिस्टकडून एकदा समोर करून घ्या. एकदम चालवायची घाई करू नका. लुळ्या गुडघ्यावर दोघांनी बगलेतून उचलून फरफटत चालवलं, तर खांदाही जातो आणि चुकीची चालही बसते.

ते चालतील का, याचा अंदाज तुम्हीच पुढच्या दोन-तीन आठवड्यांत बांधू शकाल. आधाराशिवाय बसता येऊ लागलं आणि डावा पाय गुडघ्यातून थोडा जरी उचलता आला, तर काठी किंवा वॉकर घेऊन घरात चालण्याची शक्यता चांगली आहे. जास्तीत जास्त सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत दिसते, नंतरही होते पण संथ. हाताबद्दल मी इतकी आशा देणार नाही. बोटं उघडण्याची थोडीशीही हालचाल आली तर हात कामाला येण्याची शक्यता वाढते. तीन महिने उलटूनही बोट हललं नाही, तर हात दुखू न देणं, पंजा मऊ ठेवणं आणि उजव्या हाताने आंघोळ-कपडे शिकवणं हे ध्येय धरा.

100.4 अंशांपुढे ताप, श्वास मिनिटाला 25 च्या वर, छातीत घरघर, अचानक झोपाळलेपण किंवा गोंधळ, यातलं काहीही झालं तर नळीतला आहार थांबवा, त्यांना बसतं ठेवा आणि दवाखाना गाठा. चेहरा, हात किंवा बोलणं नव्याने बिघडलं तर वाट न बघता 108 ला फोन करा आणि लक्षणं सुरू झाल्याची वेळ लिहून सोबत न्या. आत्ता मात्र दोन कामं आधी: फिजिओथेरपिस्टला खांद्याची खाच दाखवा, आणि स्पीच थेरपिस्टची वेळ घ्या.